हमालाच्या कवितेत ओझं लयीत कसं आणायचं: टप्प्याटप्प्याने

श्रमावरच्या बऱ्याच कवितांमध्ये एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. कवितेत घाम असतो, पोतं असतं, वाकलेली पाठ असते, पण मोठ्याने वाचली की ओळ घोड्यावर बसल्यासारखी उधळत जाते. शब्द ओझ्याचे आणि चाल मोकळ्या माणसाची. कवी शब्दांवर पुष्कळ काम करतात, पण लय आधी सुचलेल्या ओळीबरोबर आपोआप आलेली असते आणि तीच शेवटपर्यंत चालू ठेवली जाते. ती निवडलेली नसते.

खाली एकच काम घेतलं आहे: गोदामातून पोती उचलून ट्रकमध्ये थप्पी लावणारा हमाल. हे काम लहान तुकड्यांत होतं, पुन्हा पुन्हा तसंच होतं आणि जाताना ओझं, येताना रिकामं असा स्पष्ट फरक त्यात असतो. लय शिकायला असं काम सोयीचं. शेतकऱ्याच्या कामांकडे शेवटी येऊ, कारण तिथे हीच लय चालत नाही.

## तयारी

मात्रा मोजता येणं आवश्यक आहे. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा (लघू), दीर्घ अक्षराच्या दोन (गुरू). अनुस्वार असलेलं अक्षर गुरू. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर तेही गुरू: ‘थप्पी’मधला ‘थ’ गुरू आहे, पण ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघूच राहतो, कारण तिथे जोर पडत नाही. सुरुवातीला इतकं पुरे.

दुसरी तयारी म्हणजे काम प्रत्यक्ष पाहणं. मार्केट यार्डात, धान्याच्या गोदामाबाहेर किंवा रेशनचा माल उतरतो तिथे अर्धा तास बसा. आठवणीवर लिहू नका. आठवणीत हमाल नेहमी चालतच असतो, प्रत्यक्षात तो बराच वेळ थांबलेला, वाकलेला किंवा रिकामा परत येत असतो.

आणखी एक गोष्ट आधी ठरवा: पोतं किती किलोचं आहे? आज ५० किलोचं पोतं सर्रास दिसतं, पूर्वी क्विंटलचं, म्हणजे १०० किलोचं असे. कविता जुन्या काळातली असेल तर पावलं आणखी तोकडी आणि थांबे आणखी लांब असतील. हा आकडा कवितेत यायलाच हवा असं नाही, पण तुम्हाला तो ठाऊक हवा.

## १. एका खेपेचे तुकडे पाडा

वहीत एका खेपेचे तुकडे एकाखाली एक लिहा. मी गोदामापाशी बसून लिहिलेले असे होते:

- वाकतो. दोघं पोतं उचलून त्याच्या पाठीवर देतात. तो हलत नाही.
- तोल सापडेपर्यंत क्षणभर तसाच.
- चाल. पावलं आखूड, सगळा तळवा एकदम टेकतो.
- जमिनीपासून ट्रकपर्यंत टाकलेली फळी. ती मधोमध लवते. इथे पाऊल आधी चाचपतं, मग टेकतं.
- थप्पीवर पोतं सोडतो. श्वास मोठ्याने सुटतो.
- परत. पावलं लांब, हात मोकळे, जवळजवळ धावत.

हे लिहिताना एकही विशेषण वापरायचं नाही. ‘थकलेला’, ‘बिचारा’, ‘कष्टाळू’ असले शब्द वहीत आले की कान बंद होतो.

तपासणी: तुमच्या यादीत किमान एक तुकडा असा आहे का, की ज्यात हमाल काहीच करत नाही? नसेल तर पुन्हा जाऊन पाहा. तो थांबा म्हणजे कवितेतली शांतता, आणि ती सोडली तर पुढची सगळी मोजणी चुकते.

## २. श्वासाची खूण करा

आता यादीत श्वास कुठे घेतला जातो आणि कुठे धरला जातो ते लिहा. पोतं पाठीवर येताना श्वास धरलेला असतो. चालताना तो तोकडा आणि तुटक असतो. पोतं सुटलं की एकदम मोठा श्वास बाहेर पडतो. परत येताना दोन माणसं आपसांत बोलतात, हाका मारतात. ओझं असताना मात्र बोलणं एकदोन शब्दांचं: ‘सरक’, ‘बाजूला’, ‘आलं’.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘कष्टकऱ्यांची गाणी असतातच, म्हणून कविताही गाण्यासारखी हवी’ असं समजून बरेच जण चालीत लिहितात. जात्यावर ओवी म्हणता येते, कारण जात्याचा खुंटा गोल फिरत राहतो आणि श्वासाला दर फेरीला जागा मिळते. पाठीवर पोतं घेतलेला माणूस गात नाही. त्याची कविता गाण्याच्या चालीवर बेतली तर तिच्यात तो उरत नाही, त्याच्याकडे लांबून पाहणारा उरतो.

यावरून ओळीची लांबी ठरते. ओझ्याच्या तुकड्यात एका श्वासात जेवढं बोलता येईल तेवढंच ओळीत हवं. माझ्या अनुभवात १६ मात्रा ही वरची हद्द, आणि त्यातही मधे विसावा हवा.

## ३. आवर्तन निवडा, आणि पहिलं सुचलेलं टाकून द्या

पहिला मसुदा कसा फसतो ते पाहा. या दोन ओळी मी मुद्दाम रचल्या आहेत, पण अशा शेकडो वाचल्या आहेत:

> हमाला तुझी ही किती थोर सेवा
> तुझ्या घामधारांत मोती पिकावे

वृत्त बिनचूक आहे: ल म्हणजे लघू आणि गा म्हणजे गुरू धरलं तर लगागा लगागा लगागा लगागा, म्हणजे भुजंगप्रयात. एका ओळीत २० मात्रा, पाच-पाचच्या चार गटांत. अडचण तीन ठिकाणी आहे.

पहिली, दर गट लघूने सुरू होतो. तो लघू स्प्रिंगसारखा काम करतो, पाय जमिनीवर टेकण्याआधीच पुढे ढकलतो. ओझ्याखालचा पाय उलट वागतो, आधी टेकतो आणि मग पुढचा विचार करतो. दुसरी, चारही गट सारखे असल्याने ओळीत पोतं खाली ठेवायला जागाच नाही. तिसरी अडचण मराठी कानाची आहे. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, आणि ते लहानपणापासून आपल्या कानात बसले आहेत. त्यामुळे हे वृत्त ऐकताच ‘आता उपदेश येणार’ असं वाचकाला वाटतं, आणि ‘किती थोर सेवा’ने तो अंदाज खरा ठरतो. श्रम सांगायला आलेली कविता प्रवचन होते.

त्याऐवजी आठ मात्रांचं आवर्तन, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गट, घ्या, ओळीत दोन. आठाचे चार-चार असे दोन भाग पडतात आणि चार मात्रांत दोन गुरू बसतात. दोन गुरू म्हणजे एक पाऊल, असं धरून चाला.

सावधान: आवर्तन निवडलं म्हणजे लय झाली असं नाही. आवर्तन ही फक्त फळी आहे. तिच्यावर पाय कसा पडतो ते पुढच्या दोन टप्प्यांत ठरतं.

## ४. ओझ्याची ओळ आणि रिकामी ओळ वेगळी करा

दोन्ही ओळींत मात्रा सारख्या ठेवा, फक्त त्या भरण्याची पद्धत बदला. ओझ्याची ओळ:

> पाठी पोतं, खाली माती

आठही अक्षरं गुरू. २+२, २+२, २+२, २+२, एकूण १६. शिवाय प्रत्येक चार मात्रांना शब्द संपतो. म्हणजे पाऊल आणि शब्द एकाच वेळी टेकतात. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. सगळे गुरू असूनही शब्द जर पावलाच्या मधेच संपत राहिले तर जडपणा जातो आणि ओळ नुसतीच संथ होते.

आता परतीची:

> परतुन निघतो हलका भरभर

४+४+४+४, पुन्हा १६. पण वहीतली अक्षरं मोजा: आधी ८, इथे १४. तेवढ्याच वेळात जवळजवळ दुप्पट अक्षरं, म्हणून पाय उचलला गेल्याचा भास होतो.

बहुतेक जण इथे थांबतात, आणि इथेच एक फसगत आहे. मराठी बोलताना आपण शब्दातले ‘अ’ गिळतो. ‘भरभर’ आपण ‘भर्-भर्’ म्हणतो, ‘हलका’ ‘हल्-का’ म्हणतो. म्हणजे वहीत १४ दिसणारी अक्षरं तोंडात पर्-तुन्-निघ्-तो-हल्-का-भर्-भर् अशी आठच उरतात, ओझ्याच्या ओळीइतकीच. तरीही ती ओळ हलकी लागते, कारण तिच्यातले बहुतेक स्वर ऱ्हस्व आहेत आणि तोंड फारसं उघडावं लागत नाही. ‘पाठी पोतं खाली माती’मध्ये आ, ई, ओ ओढावे लागतात. म्हणून नुसते लघू-गुरू मोजून समाधान मानू नका, तोंडात स्वर किती वेळ राहतो ते पाहा.

तपासणी: दोन्ही ओळी सलग तीनदा मोठ्याने म्हणा. पहिली घाईने म्हणताना जबडा अडतो का? दुसरी मुद्दाम सावकाश म्हणताना ती लगेच पुढे सरकायला बघते का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ठीक. घाई करता येत असेल तर ओझ्याच्या ओळीत कुठेतरी लघू लपले आहेत.

एक चूक अगदी सर्रास होते: जडपणासाठी जोडाक्षरं भरणं. ‘दुर्धर’, ‘प्रचंड’, ‘अत्युग्र’ असे शब्द घातले की ओळ कठीण होते, जड होत नाही. कठीण ओळ जिभेला अडखळवते. ओझं जिभेवर नसतं, श्वासावर असतं. साध्या दीर्घ स्वरांनी ते उचलून धरता येतं.

## ५. थांबा आणि तोल जाणं

आता पहिल्या टप्प्यातला थांबा घालायचा. शब्द न घालता मात्रा मोकळ्या सोडायच्या:

> वाकला – थांबला –

‘वाकला’ म्हणजे २+१+२, पाच मात्रा. आवर्तन आठाचं आहे, म्हणून तीन मात्रा रिकाम्या. त्या तीन मात्रांत दोघं पोतं उचलत आहेत, आणि वाचक श्वास धरून थांबलेला आहे. ‘थांबला’चंही तसंच. इथे ‘वाकला तो आणि थांबला जरा’ असं लिहून मात्रा भरल्या की पोतं पाठीवर येण्याआधीच माणूस चालायला लागतो. रिकाम्या मात्रांची भीती वाटते, म्हणून कवी ‘जरा’, ‘असा’, ‘तो’, ‘ही’ असले भरीचे शब्द घालतात. श्रमाच्या कवितेत हे शब्द आधी काढा.

यानंतर फळी. इथे तोल डगमगायला हवा, पण आवर्तन मोडायचं नाही, नाहीतर ती चूकच वाटेल. उपाय असा की आठ मात्रा चार-चार न करता तीन-पाच करायच्या:

> पाय शोधतो फळी हालती

‘पाय’ तीन, ‘शोधतो’ पाच. ‘फळी’ तीन, ‘हालती’ पाच. एकूण १६ तशाच आहेत, पण चौथ्या मात्रेची सीमा आता ‘शो’च्या पोटातून जाते. म्हणजे जिथे पाऊल टेकायला हवं तिथे जमीन नाही, अक्षर अजून चालूच आहे. टेबलावर चार-चार मात्रांना टिचकी मारत ही ओळ म्हणा, दुसरी टिचकी ‘शो’वर अर्धवट पडते. लवणाऱ्या फळीवर पाय असाच पडतो.

उतरवण्याची ओळ साधी ठेवा:

> थप्पीवर ते, सुटला श्वास

‘थप्पीवर ते’ बरोबर आठ. ‘सुटला श्वास’ सात, शेवटी एक मात्रा मोकळी. सुटलेला श्वास त्या एका मात्रेत बाहेर जातो.

सावधान: इथे ‘धप्प’, ‘धाडकन’ घालायचा मोह आवरा. आवाजाचं अनुकरण म्हणजे लयीचं अनुकरण नव्हे. ‘धाडकन’ हा शब्द वाचकाला सांगतो की आवाज झाला. मोकळी मात्रा त्याला स्वतः श्वास सोडायला लावते.

## ६. खेपा मोजा, थकवा शेवटी आणा

एक खेप अशी झाली:

> वाकला – थांबला –
> पाठी पोतं, खाली माती
> पाय शोधतो फळी हालती
> थप्पीवर ते, सुटला श्वास
> परतुन निघतो हलका भरभर

पुढच्या कडव्यात पुन्हा याच क्रमाने नवे तपशील येऊ द्या: घामाने डोळा झाकला, मुकादमाची हाक, पोत्याचा सुतळीचा टाका मानेवर टोचतो. मात्रांची मांडणी मात्र तशीच. वाचकाला तीन खेपांत सवय लागते. सवय लागल्याशिवाय थकवा कळत नाही, म्हणून पहिल्याच कडव्यात लय मोडू नका. ही चूक चांगल्या कवींकडूनही होते: त्यांना दमणूक लगेच दाखवायची असते, पण अजून काही दमलेलंच नसतं.

थकवा कुठे दाखवायचा? ओझ्याच्या ओळीत नव्हे. ती आधीपासूनच जड आहे, तिच्यात आणखी भर घातली तर कळणारही नाही. तो परतीच्या ओळीत दाखवा, जिथे वाचक हलकेपणाची वाट पाहत असतो. शेवटच्या खेपेला ‘परतुन निघतो हलका भरभर’च्या जागी मी ही ओळ ठेवली:

> रिती पाठही आता वाके

‘रिती’ तीन, ‘पाठही’ पाच, म्हणजे फळीवरची डगमग आता जमिनीवर आली. ‘आता वाके’ चारही गुरू, म्हणजे ओझ्याचं पाऊल रिकाम्या पाठीवर आलं. कुठेही ‘थकला’ म्हटलेलं नाही.

## मुक्तछंदात लिहीत असाल तर

मात्रा मोजायच्या नसल्या तरी हेच तुकडे वाक्याच्या लांबीने करता येतात: ओझ्याखाली दोन-तीन शब्दांची पूर्ण वाक्यं, परतीला एक लांब, न थांबणारं वाक्य. एकच गोष्ट टाळा, ती म्हणजे एक-एक शब्द जिन्यासारखा खाली उतरवत लिहिणं. ते पानावर दिसतं, कानाला ऐकू येत नाही. कविता दुसऱ्याकडून वाचून घ्या. ओळी तोडल्यात हे त्याच्या आवाजावरून कळलं नाही, तर त्या तुटक ओळींचा उपयोग झालेला नाही.

## शेतकऱ्यावर लिहिताना हा साचा जसाच्या तसा का नको

तिफणीने पेरताना माणूस बैलांमागे चालत चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या बी टाकायच्या वाटीत, मुठीने बी सोडत जातो. हात क्षणभर थांबला तर तेवढा तास, म्हणजे तिफणीने पाडलेली रेघ, रिकामा जातो, आणि पुढे उगवण झाल्यावर ती जागा उघडी दिसते. म्हणजे या कामात थांबा हाच दोष आहे. इथे रिकाम्या मात्रा घातल्या तर कवितेत पेरणी बिघडते. पेरणीची ओळ भरलेली, सारखी आणि पुढच्या ओळीत वाहत जाणारी हवी. विराम फक्त बांधापाशी, बैल वळवताना. म्हणून सात-आठ ओळी विरामचिन्हाशिवाय जाऊ द्या आणि मग एक पूर्णविराम.

विहिरीतलं पाणी बैलांनी ओढायच्या मोटेचं आणखी वेगळं. बैल धावेच्या उतारावरून खाली जातात तेव्हा भरलेली मोट वर येते, पाणी थारोळ्यात पडतं आणि बैल मागे मागे सरत विहिरीकडे येतात. ओझं आणि रिकामं इथेही आहे, पण ओझं बैलांवर आहे. हाकणाऱ्याचा श्वास मोकळा असतो, म्हणून मोटेवर गाणी आहेत. इथे चालीत लिहिणं चुकीचं नाही. कुठलंही काम घेतलं तरी पहिल्या दोन टप्प्यांतले प्रश्न तेच: थांबा आहे का, आणि श्वास कुणाचा अडकला आहे?

## शेवटची तपासणी

कविता पाठ झाली की पाण्याने भरलेली बादली घेऊन एक मजला चढा आणि चढताना ओझ्याच्या ओळी मोठ्याने म्हणा. पाठदुखी असेल तर बादली अर्धीच भरा. जिथे श्वास तुटतो तिथे ओळीत विराम आहे का ते पाहा. नसेल तर तिथे शब्द काढा, विराम घाला. मग बादली वर ठेवून रिकाम्या हाताने उतरा आणि परतीची ओळ म्हणा. मी हे केलं तेव्हा माझ्या मसुद्यात ‘पाठी पोतं आणि खाली ओली माती’ अशी ओळ होती. सातव्या पायरीवर ‘आणि’ म्हणताना दम अडला. खाली आल्यावर ‘आणि’ आणि ‘ओली’ दोन्ही खोडले.